पाच मिनिटांत अंड्याचं काय सांगू?

*नमस्कार ताई, मी जव्हार तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझ्याकडे चार पाडे आहेत. या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आयांसमोर 'मुलाच्या रोजच्या जेवणात एक अंडं' यावर पाच मिनिटं बोल, असं सिस्टरनी सांगितलंय. मागच्या वर्षी मी पुस्तिकेतलं वाचून दाखवलं होतं, प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळं. बाया गप्प ऐकून घरी गेल्या. जाताना एक आजी म्हणाली, अंडं उष्ण, पोराला बाधतं. एकीने विचारलं, घरात सहा जणं, एकट्या पोराला अंडं कसं देऊ? मला उत्तरच सुचलं नाही. कोंबड्या घरोघरी आहेत, पण अंडी बाजाराला जातात. भाषण लिहून द्याल का?*

भाषण देते, पण त्याआधी एक गोष्ट ऐका. ती माझ्या अंगावर बेतलेली आहे.

आरोग्य सेविका म्हणून नवी असताना मीही असंच लसीच्या दिवशी भाषण ठोकलं होतं. नुसतं बोलून थांबले नाही. उत्साहाच्या भरात उकडलेलं अंडं कुस्करून सात-आठ महिन्यांच्या एका बाळाला सगळ्यांसमोर भरवलं. बाळाने मिटक्या मारत खाल्लं, बायाही हसल्या. त्याच सकाळी त्या बाळाला लस दिलेली होती. रात्री ताप आला, लसीनंतर येतो तसाच, आणि दुसऱ्या दिवशी उतरला. पण पाड्यावर बातमी गेली ती अशी: बाईने पोराला अंडं चारलं आणि पोर तापाने फणफणलं. त्या पाड्यावर पुढे वर्षभर लहान बाळाला कुणी अंडं दिलं नाही. दोष माझाच होता.

तुमचं भाषण लसीच्याच दिवशी आहे. त्यामुळे पहिला नियम हा: ज्या बाळाने आजवर अंडं खाल्लेलं नाही, त्याला त्या दिवशी तिथे भरवायचं नाही. आयांनाही सांगायचं की लसीनंतरचे दोन दिवस जाऊ द्या, बाळ खेळतंय-हसतंय असं बघा आणि मग सुरुवात करा. भरवून दाखवायचंच असेल, तर अंगणवाडीत नेहमी अंडं खाणारं दोन-तीन वर्षांचं पोर घ्या. त्याच्या आईला आधी विचारा.

आता मागच्या भाषणाबद्दल. बायांना प्रथिनं कळली नाहीत असं मला वाटत नाही. त्या घरी गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे तीन साधे प्रश्न होते, आणि पुस्तिकेत त्यांची उत्तरं नव्हती. पैसे कुठून आणू? सासू काय म्हणेल? आणि एवढ्या ताटांमधून ते अंडं पोराच्याच पोटात कसं जाईल? पाचातली चार मिनिटं या तीन प्रश्नांना द्या. अंड्याच्या गुणांना एक मिनिट पुष्कळ झालं.

त्या एका मिनिटात सांगायचं काय? पोट लहान, एवढंच. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाला एका वेळी अर्धी ते पाऊण वाटी जातं. नागलीच्या पातळ पेजेने ती वाटी भरली की पोट भरतं, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. अंडं जागा थोडी घेतं आणि देतं बरंच. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची जवळजवळ निम्मी गरज तेवढ्यात भागते. हा हिशोब तुमच्या माहितीसाठी. बायांपुढे ग्रॅम काढू नका, वाटी दाखवा.

आणि एक वचन चुकूनही देऊ नका: 'अंडं द्या, पोर उंच होईल.' इक्वाडोर देशात २०१५ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन पाहिलं होतं. तिथे खुजेपणा बराच कमी झाला, आणि त्या अभ्यासाचं नाव जगभर झालं. मग आफ्रिकेतल्या मलावीत तसाच प्रयोग झाला. तिथे वाढीत विशेष फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासूनच मासे बऱ्यापैकी खात होती, हे त्याचं एक कारण मानतात. म्हणजे ज्या ताटात काहीच नाही तिथे अंडं मोठी भर घालतं, पण ते मंतरलेलं नाही. जुलाब, जंत, वारंवारचा ताप तसाच राहिला तर एकटं अंडं काय करणार? रक्त वाढवण्याच्या बाबतीतही तेच. अंड्यातलं लोह अंगी कमीच लागतं, म्हणून आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध अंड्यासाठी थांबवायचं नाही.

पैशाचं उत्तर तुमच्या तालुक्यात अर्धं तयार आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या अंगणवाडीत ते चार दिवस प्रत्यक्षात कोणते आणि अंडी नियमित येतात का, हे भाषणाआधी सेविकेला विचारून घ्या. चार दिवस नीट मिळत असतील तर आईकडे तुमचं मागणं रोजच्या अंड्याचं राहत नाही, उरलेल्या तीन दिवसांचं राहतं. 'रोज' म्हटलं की तिच्या डोळ्यापुढे महिन्याची तीस अंडी येतात. तीन म्हटलं की ती मनात हिशोब करू लागते. अंडं सात रुपयांना धरलं तर आठवड्याला एकवीस रुपये. पोराला रोज पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा घेऊन देणारं घर आठवड्याला पस्तीस घालवतं. हे मात्र बोलताना जपून वापरा. पुडा मागणाऱ्या रडत्या पोराला गप्प करणं काय असतं, हे त्या आईला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

घरच्या कोंबड्यांचंही तसंच. देशी कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा झाली की खुडूक होऊन बसते, आणि त्यातलीही काही अंडी उबवायला ठेवावी लागतात. ती बाई अंडी विकते ते कंजूषपणाने नव्हे. तेल-मिठाचा खर्च त्यातून निघतो. तिला 'विकू नका' म्हणाल तर ती ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तिला म्हणा, विका, पण त्या पैशातून पोल्ट्रीची पांढरी अंडी घ्या. गावरान अंड्याला भाव जास्त मिळतो. एका गावरान अंड्याच्या पैशात पुष्कळदा दीड-दोन पांढरी येतात. बाळाच्या पोटाला दोन्ही जवळपास सारखीच. गावरानचा बलक गडद दिसतो तो कोंबडीच्या चाऱ्यामुळे, आणि गावरान अंडं आकाराने लहानच असतं. आठवडी बाजारात तीन गावरान विकून पाच पांढरी घेतली, की पोराचे तीन दिवस निघाले आणि वर दोन उरली. त्या दिवशीचे खरे भाव बाजारात विचारा आणि तेच आकडे भाषणात सांगा. चुकीचा भाव सांगितला तर पुढचं कुणी मानत नाही.

आजींशी वाद घालू नका. उष्ण-थंड ही त्यांची भाषा आहे, आणि ती तुम्ही पाच मिनिटांत बदलणार नाही. बदलायची गरजही नाही. 'आजी म्हणतात तसं उन्हाळ्यात जपूया. अंडं सकाळी देऊया, वरून पाणी किंवा ताक पाजूया' असं म्हणा. आजींचा मान राहतो आणि अंडंही सुटत नाही. जमलं तर त्या आजींनाच पुढे बसवा आणि अंडं कुस्करायचं काम त्यांच्या हाती द्या. ज्या सासूने चार बायांसमोर स्वतःच्या हाताने अंडं कुस्करलं, ती घरी जाऊन सुनेला नाही म्हणत नाही. ही युक्ती मला एका अंगणवाडी सेविकेने शिकवली. कुठल्या प्रशिक्षणात नाही.

सोबत दोन उकडलेली अंडी, दोरा, एक वाटी, चमचा आणि भात किंवा नागलीची घट्ट पेज न्या. हात सगळ्यांसमोर साबणाने धुवा, म्हणजे ते वेगळं सांगावं लागत नाही. खाली लिहिलंय ते तुमच्या बोलीत फिरवून घ्या. कागद हातात धरू नका.

---

बायांनो, आजी, बसा. पाचच मिनिटं घेते, लसीची रांग मोडत नाही.

ही वाटी बघा. तुमच्या बाळाचं पोट एका वेळी एवढंच मावून घेतं. आता यात मी पातळ पेज ओतली. भरली वाटी? भरली. बाळ म्हणालं, झालं माझं. पण पेजेत पाणी किती आणि दाणा किती, ते तुम्हीच रांधता, तुम्हाला ठाऊक आहे. आता यातली थोडी पेज काढते आणि हे अंडं घालते. वाटी तेवढीच, पोट तेवढंच, पण आता त्यात अंग धरणारं काहीतरी गेलं.

तुम्ही म्हणाल, रोज अंडं आणायचं कुठून? चार दिवस तर अंगणवाडीत मिळतं. ते पोराला इथेच बसवून खाऊ घाला. घरी नेलं की वाटेतच त्याचे वाटे होतात, खरं की नाही? घरी द्यायची राहिली तीन. आठवड्याची तीन अंडी. तुमची गावरान अंडी खुशाल विका, त्याच पैशातून पांढरी घ्या, पोराला दोन्ही सारखीच.

घरात माणसं सहा आणि अंडं एक, मग कसं करायचं? अख्खं अंडं ताटात ठेवू नका. अख्खं दिसलं की मोठा भाऊ मागतो, पाहुणा आला की त्याच्या पुढ्यात जातं. आजी, जरा दाखवता? दोऱ्याने असे चार भाग करा. आता पिवळं-पांढरं दोन्ही वाटीत बारीक कुस्करा. त्यात भात, थोडं वरण किंवा पेज. गाठ राहू देऊ नका, सुका बलक बाळाच्या घशात अडकतो. आता ही वाटी बघा. यातलं अंडं कुणी मागेल का? बाळाची वाटी आधी भरायची, मग बाकीची ताटं वाढायची.

अंडं पूर्ण शिजलेलं पाहिजे. पाणी खदखदायला लागल्यावर दहा-बारा मिनिटं. वेगळं सरपण जाळायचं नसेल तर अंडं नीट धुवून भाताच्या पातेल्यात सोडा, भात होईतो तेही होतं. तडकलेलं, वास येणारं, पाण्यात वर तरंगणारं घेऊ नका. आणि दुधात कच्चं फोडून पाजायचं नाही. त्याने ताकद येत नाही, कच्चं अंडं पोटात नीट पचत नाही आणि त्यातून जुलाब लागू शकतात.

ज्या बाळाने अजून अंडं खाल्लं नाही, त्याच्या आईने नीट ऐका. सहा महिने पुरे झाल्याशिवाय काहीच द्यायचं नाही, अंगावरचं दूधच. सहा महिन्यांनंतर सुरू करायचं, पण आज नको. आज लस आहे, ताप आला तर नाव अंड्यावर जाईल. दोन दिवस जाऊ द्या. मग सकाळच्या वेळी, बाळ बरं असताना, नखभर द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी चमचाभर, मग पाव, मग अर्धं. दहा-पंधरा दिवसांत बाळ अख्ख्यावर येतं. दूध बंद करायचं नाही. अंडं दिल्यावर अंगावर गांध्या उठल्या, उलट्यांवर उलट्या झाल्या, तर अंडं थांबवा आणि मला बोलवा. ओठ-तोंड सुजलं, दम लागला, तर माझी वाट बघू नका, लगेच १०८ला फोन करा. असं क्वचितच होतं, पण माहीत असलेलं बरं.

आजी म्हणतात, अंडं उष्ण. उन्हाळ्यात आपण सकाळी देऊ आणि वरून ताक-पाणी पाजू. आणि ज्यांच्या घरी माळ आहे, अंडं चालत नाही, त्यांनी लाजायचं कारण नाही. माझ्याशी नंतर बोला, तुमच्या बाळासाठी वेगळं सांगते.

दिवाळीनंतर कोण कोण वीटभट्टीवर कामाला जाणार? हात वर करा बघू. तिथे अंगणवाडीचं अंडं तुमच्यासोबत येणार नाही. त्या महिन्यांत पोराचं अंडं तुमच्याच हातात. जाण्याआधी मला भेटा.

झालं माझं. चला, लसीला या.

---

माळकरी घरांचं 'वेगळं' काय, ते तुम्हाला तयार हवं. अंगणवाडीत अंड्याऐवजी केळं मिळतं. ते जरूर खाऊ द्या, पण केळं म्हणजे अंडं नव्हे. त्याने शक्ती मिळते, अंड्यातली प्रथिनं त्यात नाहीत. त्या घरात घट्ट वरण आणि भाजून अगदी बारीक केलेला शेंगदाण्याचा कूट रोज हवा, आणि मिळेल तिथे वाटीभर दूध किंवा दही. ब-१२ जीवनसत्त्व डाळीतून मिळत नाही, म्हणून दुधाचा आग्रह धरा. अख्खे शेंगदाणे लहान पोराला कधीच नकोत, श्वासनलिकेत जातात. आणि अंड्यासाठी त्या घरांच्या मागे लागू नका. श्रद्धेला हात घातलात तर उद्या लसीसाठीही दार उघडणार नाहीत.

गर्दी जमलेलीच असते, तर त्याच दिवशी दंडाची पट्टीही लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल, त्याच्या आईला अंड्याचं भाषण देऊन घरी पाठवू नका. ते पोर तीव्र कुपोषित आहे, त्याला सिस्टर आणि डॉक्टरांनी बघायला हवं. दोन्ही पायांवर सूज असेल तर पट्टी काहीही दाखवो, त्याच दिवशी पाठवा. मला अशा आया भेटल्या आहेत की ज्या पोर खंगत असताना दोन महिने इमानाने अंडी चारत राहिल्या, कारण कुणीतरी त्यांना 'अंडं द्या, बरं होईल' एवढंच सांगितलं होतं.

भाषण लागू पडलं की नाही, हे त्या दिवशीच्या मान डोलावण्यावरून कळणार नाही. दोन आठवड्यांनी गृहभेटीला जाल तेव्हा 'अंडं देता ना?' असं विचारू नका. त्याला सगळ्या 'हो' म्हणतात. 'काल सकाळी उठल्यापासून बाळाने काय काय खाल्लं?' असं विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. अंडं त्यात आपोआप आलं तर आलं. नाही आलं तर पुढचा प्रश्न: शेवटचं अंडं घरात कधी आलं होतं आणि ते कुणी खाल्लं? अंडं आलंच नव्हतं, तर अडचण पैशाची किंवा बाजाराची आहे. आलं होतं पण बाळापर्यंत पोचलं नाही, तर तुम्हाला बोलायचंय ते सासूशी, किंवा बाळाच्या बापाशी. बाप संध्याकाळीच भेटतो, तेव्हा एखादी फेरी त्या वेळेची ठेवा.